सांभाळलेली बॅटरीसुद्धा का संपते? धन प्लेटच्या जाळीचे क्षरण

इन्व्हर्टरची बॅटरी पाच-सहा वर्षांनी मान टाकते, तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती हलगर्जीपणाची. पाणी वेळेवर घातले नव्हते का, चार्जिंग कमी पडले का, लोड जास्त टाकला का, असे प्रश्न निघतात. या तिन्ही गोष्टींमुळे बॅटरी लवकर जाते, हे खरेच आहे. परंतु पाणी वेळच्या वेळी घातले, चार्जरचे व्होल्टेज योग्य ठेवले आणि बॅटरी कधीही पार रिकामी होऊ दिली नाही, तरी लेड-ॲसिड बॅटरी एक दिवस संपतेच. सगळे नीट सांभाळल्यावर ती ज्या कारणाने संपते, ते कारण तिच्या रचनेतच आहे. धन प्लेटच्या आतली शिशाची जाळी बॅटरी पहिल्यांदा चार्ज झाली त्या दिवसापासून गंजत असते. तंत्रज्ञ याला पॉझिटिव्ह ग्रिड करोजन म्हणतात. ही प्रक्रिया थांबवता येत नाही. ती किती सावकाश चालावी, एवढेच आपल्या हातात असते.

हे कारण समजून घेण्याचा एक थेट उपयोग आहे. सल्फेशनने, म्हणजे प्लेटवर सल्फेटचा थर बसून, आजारी पडलेली बॅटरी आणि जाळी गंजून संपलेली बॅटरी बाहेरून सारखीच वागताना दिसतात. दोघींचाही बॅकअप कमी होतो. पहिलीवर काही उपाय करता येतो, दुसरीवर कोणताही उपाय नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेक जण संपलेल्या बॅटरीवर चार्जिंगचा आणि बाटलीतून मिळणाऱ्या औषधांचा खर्च करत राहतात.

जाळी कशासाठी असते

लेड-ॲसिड बॅटरीच्या प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण अशा दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात आणि मध्ये सौम्य गंधकाम्ल असते. चार्ज झालेल्या ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे असते, तर धन प्लेटवर चॉकलेटी रंगाचा लेड डायऑक्साइड असतो. वीज साठवण्याचे आणि परत देण्याचे काम हे दोन पदार्थ करतात. परंतु दोघांनाही स्वतःचे बळ नसते. लेड डायऑक्साइड तर मुळात भुसभुशीत असतो. त्याला उभे धरायचे आणि त्याच्या प्रत्येक कणापासून बाहेरच्या टर्मिनलपर्यंत वीज पोहोचवायची, ही दोन्ही कामे आतील शिशाच्या मिश्रधातूची जाळी करते.

आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीत ही जाळी चौकटीच्या रूपात नसते. तेथे प्रत्येक धन प्लेटमध्ये पंधरा-वीस उभ्या शिशाच्या काड्या असतात, त्यांना स्पाइन म्हणतात. प्रत्येक काडीभोवती पॉलिस्टर कापडाची नळी असते आणि काडी व नळी यांच्यामधील जागेत चॉकलेटी पदार्थ ठासून भरलेला असतो. सगळ्या काड्या वर एका आडव्या पट्टीला जोडलेल्या असतात. म्हणजे एका नळीतील सर्व पदार्थाची वीज बाहेर येण्यासाठी एकच वाट असते, ती म्हणजे मधली काडी. काडीची जाडी साधारण ३ मिलिमीटर असते आणि बॅटरीचे आयुष्य बरेचसे त्या जाडीवर अवलंबून असते.

धन प्लेटच का गंजते

ऋण प्लेटचे विद्युत विभव इतके खाली असते की तेथे शिसे शिसेच राहते. म्हणूनच दहा वर्षे वापरलेल्या बॅटरीतही ऋण बाजूची जाळी बहुधा जशीच्या तशी, मऊ आणि हाताने वाकवता येईल अशी सापडते. धन प्लेटची गोष्ट वेगळी आहे. तेथील विभव इतके वर असते की त्या ठिकाणी शिशाचे स्थिर रूप धातू हे नसतेच. लेड डायऑक्साइड हेच त्याचे स्थिर रूप असते. ज्या पदार्थाला धरून ठेवण्यासाठी जाळी घातली, त्याच पदार्थात रूपांतरित होण्याकडे जाळीचा कायम कल असतो. ही क्रिया एका ओळीत अशी लिहिता येते:

Pb + 2H2O → PbO2 + 4H+ + 4e−

मग जाळी चार दिवसांत विरघळून का जात नाही? कारण पहिल्याच चार्जिंगमध्ये तिच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर तयार होतो. त्यापुढे आतल्या शिशापर्यंत ऑक्सिजनला या घन थरातून वाट काढत जावे लागते आणि ते काम फार सावकाश होते. लेड-ॲसिड बॅटरी वर्षानुवर्षे चालते, याचे श्रेय या थराला आहे. परंतु थर हळूहळू जाड होत जातो, ताणाने त्याला बारीक तडे पडतात, तड्यांमधून ताजे शिसे उघडे पडते आणि तेथे नवा थर धरू लागतो. क्षरण सगळीकडे सारखे होत नाही. शिसे सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते आणि दोन कणांमधील सांध्यांवर क्षरण अधिक खोल शिरते. त्यामुळे एखादी काडी बाहेरून बरी दिसत असली, तरी आतून पोखरलेली असू शकते आणि तिचा तुकडा हाताने सहज मोडतो.

वरच्या समीकरणात पाणीही खर्च होताना दिसते. १०० ग्रॅम शिसे गंजण्यासाठी सुमारे १७ ग्रॅम पाणी लागते. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत याचे विशेष काही वाटत नाही, कारण वायू होऊन जाणारे पाणी त्याहून पुष्कळ जास्त असते. सीलबंद व्हीआरएलए बॅटरीत मात्र चार्जिंगमध्ये तयार होणारा ऑक्सिजन ऋण प्लेटवर पुन्हा पाण्यात बदलतो, पण क्षरणात गेलेले पाणी परत मिळत नाही. त्यामुळे तिच्यात जाळी गंजणे आणि आतून कोरडे पडणे हे दोन्ही बरोबरच पुढे सरकते.

फुगवट्याचा दाब

क्षरणाचे नुकसान फक्त धातू कमी होण्यापुरते असते, तर बॅटऱ्या आणखी काही वर्षे टिकल्या असत्या. लेड डायऑक्साइड ज्या शिशापासून बनतो, त्याच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाहून अधिक जागा व्यापतो. जुन्या स्लॅबमधील सळई गंजली की गंज फुगून भोवतीचे काँक्रीट फोडतो आणि छताचे पापुद्रे गळू लागतात. धन प्लेटमध्ये नेमके हेच घडते. काँक्रीट कडक असल्यामुळे तडकते. शिसे मात्र मऊ असते, सततच्या ताणाखाली ते हळूहळू लांबत जाते आणि सगळी प्लेटच वाढते.

३०० मिलिमीटर उंचीची प्लेट ४ टक्क्यांनी वाढली, तर तिची उंची १२ मिलिमीटरने वाढते. सेलमध्ये एवढी जागा राखलेली असेलच असे नाही. वीज उपकेंद्रातील पारदर्शक डब्यांच्या बॅटरीत ही वाढ उघड्या डोळ्यांना दिसते. धन टर्मिनलचा खांब झाकणातून वर सरकलेला असतो, खांबाभोवतीचे सील सुटलेले असते, तेथून ॲसिड पाझरून पांढरे-हिरवे क्षार जमलेले असतात आणि कधीकधी झाकणालाच तडा गेलेला असतो. वाढलेली प्लेट ऋण बाजूच्या जोडपट्टीला टेकली, तर तो सेल आतल्या आत शॉर्ट होतो. याहून अधिक वेळा होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. जाळी लांबते, पण तिच्यावरचा भुसभुशीत पदार्थ तसा लांबत नाही. दोघांमधील पकड सुटते. पदार्थ जागेवर असतो, चार्ज झालेलाही असतो, परंतु त्याची वीज बाहेर येऊ शकत नाही.

ट्यूब्युलर प्लेटमध्ये नळीचे कापड पदार्थाला बाहेरून आवळून धरते, म्हणून ही पकड बरीच जास्त काळ टिकते. हीच त्या रचनेची खरी ताकद आहे. आयुष्य संपलेल्या अशा प्लेटची नळी आडवी कापून पाहिली, तर आतील अवस्था फार स्पष्ट दिसते. मधोमध चकचकीत शिशाचा एक लहानसा ठिपका उरलेला असतो. त्याच्याभोवती काळपट, कठीण आणि बारीक तडे गेलेले कडे असते. हे कडे म्हणजेच कधीकाळची काडी. त्याच्याबाहेर चॉकलेटी, बोटाने खरवडता येणारा मूळ पदार्थ असतो. काही काड्या वरच्या आडव्या पट्टीला जोडल्या जातात त्या मानेशीच तुटलेल्या असतात. मानेशी तुटणे सर्वांत महागात पडते, कारण त्या एका जागी धातू संपला की खालची अख्खी नळी कामातून जाते. (हे घरी करून पाहण्यासारखे नाही. प्लेटची भुकटी विषारी असते आणि आतील ॲसिड भाजते.)

जाडी आणि उष्णता: एक हिशेब

क्षरण किती वेगाने आत शिरते, हे मिश्रधातू, तापमान आणि व्होल्टेज यांवर ठरते. समजण्यासाठी एक आकडा गृहीत धरू या: २५ अंश सेल्सिअसला काडीच्या पृष्ठभागापासून दरवर्षी ०.०५ मिलिमीटर शिसे गंजते. काडी ३ मिलिमीटर जाडीची असेल, तर तिची त्रिज्या १.५ मिलिमीटर होते. दहा वर्षांनी त्रिज्या १ मिलिमीटर उरेल. ऐकायला हे एक तृतीयांश नुकसान वाटते, परंतु वीज वाहते ती छेदाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून उरलेला धातू मूळच्या फक्त ४४ टक्के असेल आणि काडीचा विद्युत रोध सव्वादोनपट झालेला असेल.

हाच वेग १ मिलिमीटर जाडीच्या तारेला लावला, म्हणजे मोटारीच्या बॅटरीतील पातळ जाळीसारख्या जाळीला, तर पाच वर्षांत तिचा फक्त चौथा हिस्सा उरतो. मोटारीच्या बॅटरीला क्षणभर मोठा प्रवाह द्यायचा असतो, त्यासाठी पुष्कळ पातळ प्लेटा लागतात, आणि पातळपणाची किंमत आयुष्याच्या रूपाने मोजावी लागते. दोन बॅटऱ्यांचे आम्पिअर-तास सारखेच असतील, तर वजनाने जड असलेली बॅटरी सहसा जास्त टिकते. या जुन्या अनुभवामागे बरेचसे हेच कारण आहे.

आता उष्णता. तापमान दर १० अंशांनी वाढले की क्षरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, हा या क्षेत्रात सर्वत्र वापरला जाणारा नियम आहे. २५ अंशांना २० वर्षे टिकेल अशी आखलेली बॅटरी सतत ३५ अंशांत ठेवली, तर सुमारे दहा वर्षांत संपते. आपल्या हवामानात मात्र तापमान वर्षभर एकसारखे नसते, म्हणून हिशेब थोडा नीट मांडायला हवा. विदर्भातील एखाद्या घरात पश्चिमेच्या भिंतीलगत, बंद कपाटात बॅटरी ठेवली आहे असे समजू. तिचे स्वतःचे तापमान चार महिने सरासरी ३८ अंश, चार महिने ३० अंश आणि चार महिने २२ अंश राहते असे धरू. २५ अंशांच्या वेगाला १ मानले, तर त्या तीन काळांतील वेग अनुक्रमे सुमारे २.४६, १.४१ आणि ०.८१ येतो, वर्षाची सरासरी १.५६ होते. दहा वर्षांचे आयुष्य साडेसहा वर्षांच्या आत येते. वर्षाचे सरासरी तापमान ३० अंशच आहे, पण नुकसान सरासरीवरून अपेक्षित असते त्यापेक्षा जास्त होते, कारण वर्षभरातील क्षरणापैकी निम्म्याहून अधिक भाग उन्हाळ्याच्या चार महिन्यांतच घडतो. हिवाळ्याच्या गारव्याने त्याची भरपाई होत नाही.

यातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. बॅटरी कुठल्या कंपनीची घ्यावी यावर लोक आठवडाभर चर्चा करतात आणि ती कुठे ठेवायची हे पाच मिनिटांत ठरवतात. गच्चीच्या पत्र्याखालची किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली बंदिस्त जागा टाळून तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली, उन्हाने न तापणारी जागा निवडली आणि त्यामुळे बॅटरीचे उन्हाळ्यातले तापमान ५-६ अंशांनी खाली राहिले, तर त्या चार महिन्यांतील क्षरण सुमारे एक तृतीयांश कमी होते. चार्जिंगमध्ये ॲसिडचे धुके व वायू बाहेर पडतो, त्या दृष्टीनेही खेळती हवा आवश्यकच आहे.

व्होल्टेजचा मधला पट्टा

जास्त चार्जिंगने जाळी लवकर गंजते, हे सहज पटते; धन प्लेटचे विभव जितके वर, तितकी शिशाला ऑक्साइड होण्याची ओढ अधिक. पण याच्या उलट टोकालाही धोका आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. चार्जर लावलेलाच नाही किंवा फार कमी व्होल्टेजवर आहे, अशा स्थितीतही क्षरणाचा वेग वाढतो. धन प्लेट आपल्या स्वाभाविक विभवापेक्षा साधारण ४० ते ८० मिलिव्होल्ट वर ठेवली, तर क्षरण सर्वांत कमी असते; त्याच्या दोन्ही बाजूंना ते वाढत जाते. फ्लोट चार्जिंगचे, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच राहावी म्हणून सतत चालू ठेवलेल्या हलक्या चार्जिंगचे, व्होल्टेज ठरवताना निर्माते हा मधला पट्टा डोळ्यांसमोर ठेवतात. म्हणून गावाला जाताना इन्व्हर्टर बंद करून बॅटरी तीन-चार महिने तशीच सोडणे हा तिला दिलेला आराम नसतो. त्या काळात सल्फेशन तर होतेच, शिवाय जाळीही गंजत राहते.

उन्हाळ्यात फ्लोट व्होल्टेज थोडे कमी करणे हाही एक उपाय आहे. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे प्रत्येक सेलला ३ मिलिव्होल्ट कमी, असा हिशेब सर्रास वापरतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. २५ अंशांना १३.५ व्होल्ट दिले जात असतील, तर ४० अंशांना सुमारे १३.२ व्होल्ट पुरतात. काही चार्जरमध्ये बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर असतो आणि ही दुरुस्ती आपोआप होते. परंतु यामुळे फक्त जास्त चार्जिंगचे नुकसान टळते; उष्णतेने वाढलेले मूळ क्षरण व्होल्टेज कमी करून नाहीसे होत नाही.

ओळखायचे कसे

समजा, १५० आम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी सहा वर्षे वापरात आहे. ४०० वॅटच्या लोडवर ती नवी असताना सुमारे अडीच तास चालत असे. आता पाऊण तासात इन्व्हर्टर बंद पडतो. पाण्याची पातळी ठीक आहे. येथे हायड्रोमीटर आणि थोडा धीर यांच्या साहाय्याने बरेच काही कळते.

प्रथम बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि नंतर काही तास तशीच ठेवून हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट घन आहे हा आकडा, घ्यावी. नुकतेच पाणी घातले असेल, तर ते मिसळेपर्यंत चार्जिंग झाल्याशिवाय आकडा घेऊ नये, कारण वर तरंगणाऱ्या पाण्यामुळे तो खोटा येतो. दीर्घ चार्जिंगनंतरही सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी १.१८० च्या आसपास अडकून राहिली, तर गंधकाम्लाचा काही भाग अजून प्लेटवर सल्फेटच्या रूपात बसलेला आहे असा अर्थ निघतो. हे सल्फेशन आहे. कमी प्रवाहाने दीर्घकाळ चार्ज करून, फार जुने नसेल तर, त्यातले काही परत मिळवता येते. एकाच सेलची ग्रॅव्हिटी इतरांहून फार खाली असेल आणि चार्जिंगमध्ये तेथे बुडबुडेही येत नसतील, तर तो सेल शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी.

परंतु सहाही सेल १.२४० दाखवत असतील, म्हणजे ॲसिडच्या भाषेत बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर पुढची पायरी महत्त्वाची ठरते. नेहमीचा लोड लावावा आणि टर्मिनलवरील व्होल्टेज पाहावे. जाळी गंजलेल्या बॅटरीचे व्होल्टेज लोड लागताच एकदम खाली येते आणि लोड काढताच बरेचसे परत वर जाते. वाट अरुंद झाल्याची ती खूण आहे. इन्व्हर्टर बंद पडल्यावर पुन्हा ग्रॅव्हिटी घ्यावी. निरोगी बॅटरी रिकामी होते तेव्हा ग्रॅव्हिटी बरीच उतरलेली असते. येथे मात्र ती १.२०० च्या वरच थांबलेली दिसते. ॲसिड शिल्लक आहे, चार्ज झालेला पदार्थही शिल्लक आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचणारा धातू उरलेला नाही. माझ्या मते घरी करता येणाऱ्या सर्व तपासण्यांमध्ये ही सर्वांत बोलकी आहे.

आणखी एक खूण अँटिमनी असलेल्या बॅटऱ्यांमध्ये दिसते. ट्यूब्युलर बॅटरीच्या काड्यांमध्ये शिशाला बळकटी यावी म्हणून थोडे अँटिमनी मिसळतात. काडी गंजते तसे हे अँटिमनी मोकळे होते, ॲसिडमधून ऋण प्लेटवर जाऊन बसते आणि तेथे हायड्रोजन वायू सहज सुटू लागतो. परिणामी पूर्वी तीन-चार महिन्यांनी पाणी मागणारी बॅटरी महिन्याला मागू लागते आणि पूर्ण चार्ज झाल्यानंतरही जास्त प्रवाह घेत राहते. बॅटरी पाणी जास्त पिऊ लागली की चार्जरचे व्होल्टेज आधी तपासावे. ते ठीक असेल, तर जाळीचे वय बोलू लागले आहे असे समजावे.

एक मर्यादा येथे सांगितली पाहिजे. सौर यंत्रणेवर रोज खोलवर रिकामी होणाऱ्या किंवा ई-रिक्षात चालणाऱ्या बॅटरीत रोजच्या चढउतारामुळे चॉकलेटी पदार्थ मऊ पडून गळतो आणि बहुधा जाळीच्या आधी तोच दगा देतो. बहुतेक काळ भरलेल्या स्थितीत वाट पाहत बसणाऱ्या बॅटरीचा, म्हणजे वीज क्वचित जाणाऱ्या शहरातील इन्व्हर्टर, उपकेंद्र किंवा टेलिफोन एक्स्चेंज येथील बॅटरीचा, स्वाभाविक शेवट मात्र जाळीच्या क्षरणानेच होतो.

क्षरण गृहीत धरून केलेल्या रचना

या क्षरणाशी अभियंत्यांचे नाते फार जुने आहे. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी पहिली लेड-ॲसिड बॅटरी केली, तिच्यात वेगळा पदार्थ भरलेलाच नव्हता. शुद्ध शिशाचे पत्रे ॲसिडमध्ये ठेवून ते पुन्हा पुन्हा चार्ज आणि डिस्चार्ज केले की पृष्ठभाग गंजून लेड डायऑक्साइड तयार होई आणि तोच वीज साठवी. अशा जाड प्लेटच्या बॅटरीत क्षरणामुळे कामाचा पदार्थ सतत नवा होत राहतो, म्हणून तिची क्षमता शेवटपर्यंत फारशी उतरत नाही. भारतातील उपकेंद्रांमध्येही प्लांते पद्धतीच्या बॅटऱ्या बसवल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी आयएस १६५२ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. ट्यूब्युलर बॅटऱ्यांसाठीचे मानक आयएस १६५१ आहे.

अँटिमनीमुळे होणारा पाण्याचा खर्च टाळण्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हॅरिंग आणि थॉमस यांनी शिशात अत्यल्प कॅल्शियम मिसळण्याचा मार्ग दाखवला. पाण्याचा प्रश्न त्याने सुटला, पण वाढीचा प्रश्न पुढे आला. कॅल्शियम थोडे जरी जास्त झाले, तरी स्फटिककण बारीक होतात, त्यांच्यातील सांधे वाढतात आणि जाळी अधिक वेगाने गंजते व लांबते. पुढे त्यात कथील मिसळून ही वाढ बरीच आटोक्यात आणली गेली.

याच प्रयोगशाळेने १९७० च्या सुमारास टेलिफोन एक्स्चेंजसाठी जी गोल बॅटरी तयार केली, ती मला या विषयातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. तिच्यात शुद्ध शिशाच्या गोल, किंचित शंकूसारख्या खोलगट जाळ्या आडव्या, एकावर एक रचलेल्या होत्या. क्षरण थांबवता येत नाही हे मान्य करून त्यांनी जाळीचा आकारच असा ठरवला की ती वाढत गेली तरी तिची पदार्थावरील पकड सुटू नये. तेव्हाच्या चौकोनी प्लेटांच्या बॅटऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, अनेक दशकांचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून ती आखलेली होती. घरगुती बॅटरीत असे काही परवडत नाही. तेथे काडीची जाडी, ओतीव कामाचा दर्जा आणि मिश्रधातूचे प्रमाण यांवरच भिस्त असते.

कधी बदलावी

उपकेंद्रांसारख्या ठिकाणच्या बॅटऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या IEEE 450 या मानकात क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर आली की बॅटरी बदलावी असे सांगितले आहे. अजून ८० टक्के शिल्लक असताना बॅटरी काढून टाकणे अनेकांना उधळपट्टी वाटते. परंतु वरचा हिशेब पाहिला की या आकड्यामागचा विचार कळतो. काडी बारीक होत जाते तसा तोच ०.०५ मिलिमीटरचा वार्षिक थर उरलेल्या धातूचा अधिकाधिक मोठा हिस्सा खातो. एखादी काडी तुटली की तिचा भार शेजारच्या काड्यांवर पडतो. त्यामुळे क्षमता प्रारंभी अनेक वर्षे जवळजवळ स्थिर राहते आणि ८० टक्क्यांच्या खाली गेल्यावर झपाट्याने कोसळते. रुग्णालय किंवा उपकेंद्र अशा ठिकाणी तो शेवटचा टप्पा वापरून पाहण्याची जोखीम घेता येत नाही. घरी घेता येते, फक्त बॅटरी अचानक दगा देईल ही तयारी हवी.

गंजलेल्या जाळीवर औषध नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. डिसल्फेटर यंत्र असो, ॲसिड बदलणे असो किंवा पाण्यात टाकायची पूड असो, यांपैकी काहीही लेड डायऑक्साइड झालेल्या काडीला पुन्हा धातू करू शकत नाही. सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी भरलेली असताना बॅकअप कमी असेल, तर अशा उपायांवर पैसे घालवू नयेत. उलट, जोरात चार्जिंग करून तिला ‘उठवण्याचा’ प्रयत्न केला, तर उरलेली जाळी आणखी लवकर जाते.

दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरमध्ये एकच बॅटरी संपल्याचे दिसले, तर दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्यात. एकाच दिवशी, एकाच जागी बसवलेल्या दोन बॅटऱ्यांच्या जाळ्यांचे वय सारखेच असते. एकीचे लक्षण आधी दिसले एवढाच बहुधा फरक असतो. अशा वेळी एक नवी बॅटरी जुनीच्या जोडीला एकसरीत लावली, तर दोघींमधून प्रवाह तोच वाहतो, पण जुनी आधी कोसळते आणि नवीत वीज शिल्लक असतानाच इन्व्हर्टर बंद पडतो. चार्जिंगमध्येही एकूण व्होल्टेज दोघींत सारखे विभागले जात नाही आणि एकीला जास्त, दुसरीला कमी मिळत राहते. म्हणून जुन्या दोन्ही बॅटऱ्या विक्रेत्याकडे परत देऊन नवी जोडी बसवावी, आणि बसवल्या दिवसाची तारीख व सहाही सेलची पूर्ण चार्ज झाल्यानंतरची ग्रॅव्हिटी प्रत्येक बॅटरीच्या डब्यावर लिहून ठेवावी. पाच वर्षांनी तपासणी करताना तुलनेसाठी तेच आकडे लागतात.